वेगाच्या आलेखातून दोन आलेख : दाभोळ खाडीवरच्या नोंदी

२ डिसेंबर

अकरावीच्या सहा मुलांना घेऊन आज सकाळी धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीनं गेले. प्रकल्पाचा विषय एका ओळीचा आहे. वेग-काल आलेख हातात असेल, तर त्यावरून त्वरण-काल आणि स्थान-काल हे दोन आलेख हातानं कसे काढायचे? नववीच्या पुस्तकात मुलांनी पाहिलेले वेगाचे आलेख सगळे सरळ रेघांचे. मला असा आलेख हवा होता ज्याचा चढ आपोआप बदलत जातो, आणि तो मुलांनी स्वतः अनुभवलेल्या प्रवासाचा असावा, असंही वाटत होतं.

दोन फोनवर वेग दाखवणारं अ‍ॅप लावलं. एक जण दर पाच सेकंदांनी आकडा ओरडून सांगत होता, दुसरा वहीत उतरवत होता. ताशी किलोमीटरला ३.६ नं भागून मीटर प्रति सेकंद करायचं, हे घरी जाऊन.

सुटताना एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. इंजिनाचा आवाज पहिल्यापासून एकसारखा होता, तरी आकडा सुरुवातीला भराभर वाढला आणि मग वाढ मंदावत गेली. पहिल्या पाच सेकंदांत वेग शून्यावरून जवळजवळ ०.७ वर गेला. अर्ध्या मिनिटानंतर मात्र पाच सेकंदांत फरक कळेनासा झाला. धोपाव्याचीच एक मुलगी आहे, तिनं बोट चालवणाऱ्या सारंगकाकांना विचारलं, "काका, तुम्ही इंजिन कमी केलंत का?" ते म्हणाले, "नाही गो, तेवढंच ठेवलंय. बोट पळायला लागली की पाणी मागं ओढतं."

भौतिकशास्त्राच्या भाषेत हेच सांगायचं तर, इंजिनाचा रेटा जवळजवळ कायम राहतो आणि पाण्याचा अवरोध वेगाबरोबर वाढतो, साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. रेट्यातून अवरोध वजा करून जे उरतं तेवढंच बोटीला त्वरण देतं. ते उरलेलं कमी कमी होत शून्यावर आलं, की वेग स्थिर होतो.

दाभोळच्या धक्क्यावर आधीची फेरी अजून रिकामी होत होती. आमची बोट जवळ गेली, थांबली, थोडी मागे सरकली आणि उभी राहिली. वही सांभाळणाऱ्या मुलानं त्या आकड्यांसमोर समासात "मागे" असं लिहून ठेवलं. तो एक शब्द पुढं फार उपयोगी पडला.

४ डिसेंबर

आकडे आलेखावर मांडले. शेवटच्या भागात वेग उतरत शून्याला टेकला, तिथून परत वर चढला आणि पुन्हा शून्यावर आला. तळाशी टोकदार कोन. मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण फोननं दाखवलेलेच आकडे होते.

फोन दाखवतो ती चाल. तिला दिशा नसते, म्हणून ती कधी ऋण होत नाही. वेगाला दिशा असते. धोपाव्याहून दाभोळकडे ही धन दिशा मानली, तर बोट मागे सरकत असतानाचे सगळे आकडे आसाखाली जायला हवेत. "मागे" लिहिलेल्या नोंदींना ऋण चिन्ह दिलं आणि टोकदार कोन नाहीसा झाला. वेग शून्यातून सरळ खाली उतरत गेला, एकाच रेघेत.

हा फरक मी मुद्दाम तासभर चघळला. चालीच्या आलेखावरून त्वरण काढलं असतं, तर त्या क्षणी ते ऋणातून एकदम धनात उडी मारताना दिसलं असतं. प्रत्यक्षात बोटीवर तेव्हा काहीच बदललं नव्हतं. इंजिन उलटं चालू होतं, ते तसंच होतं. आधी त्यानं बोट थांबवली आणि मग त्याच रेट्यानं मागे नेली. म्हणून फोनचे आकडे वापरताना चाल शून्याला टेकून वर उसळलेली दिसली, की तिथं दिशा बदलली होती का, हे आधी विचारायचं.

५ डिसेंबर

कच्चे आकडे थरथरते होते, कमी वेगाला तर फारच. त्यावरून स्पर्शिका काढणं शक्य नाही. म्हणून प्रवासाचा आकार तसाच ठेवून आकडे गोल केले आणि मधला स्थिर वेगाचा लांब भाग कापून छोटा केला. खऱ्या फेरीला याहून जास्त वेळ लागतो. आता मुलांना दिलेला वेग-काल आलेख असा आहे:

० ते ४० सेकंद वेग शून्यापासून ३ मीटर प्रति सेकंदापर्यंत वक्र रेषेनं वाढतो. आरंभी चढ तीव्र, मग मंदावत चाळिसाव्या सेकंदाला पूर्ण सपाट. (वक्र अन्वस्ताचा घेतला, म्हणजे आकडे पडताळता येतात. १० सेकंदांना १.३१, २० ला २.२५, ३० ला २.८१.)

४० ते १६० सेकंद वेग ३ वर स्थिर.

१६० ते २४० सेकंद एकच सरळ रेघ, ३ वरून उतरत २२० व्या सेकंदाला आस ओलांडून −१ पर्यंत.

२४० ते २६० सेकंद −१ वरून सरळ शून्यावर.

आलेख कागदावर वेळेसाठी १ सेंटिमीटर म्हणजे २० सेकंद आणि वेगासाठी १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर प्रति सेकंद. हे प्रमाण विचार करून घेतलं. यात एक चौरस सेंटिमीटर म्हणजे बरोबर २० मीटर अंतर होतं आणि एक बारीक चौकट म्हणजे २० सेंटिमीटर.

तिन्ही आलेख एकाच कागदावर एकाखाली एक काढायचे: वर वेग, मध्ये त्वरण, खाली स्थान. वेळेचा आस तिघांना एकच. ४०, १६०, २२०, २४० आणि २६० या वेळांवर वरून खालपर्यंत तुटक उभ्या रेघा. वेगवेगळ्या पानांवर काढलेल्या आलेखांत कोणत्या क्षणी काय झालं ते जुळवताना मुलं हमखास घसरतात. उभ्या रेघा असल्या की वरच्या आलेखात जे घडलं त्याचा खालचा परिणाम त्याच रेघेवर शोधावा लागतो.

८ डिसेंबर

आज त्वरण.

सरळ भागांना वेळ लागला नाही. ४० ते १६० चढ शून्य. १६० ते २४० वेग ८० सेकंदांत ४ नं उतरला, म्हणून त्वरण −०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग. २४० ते २६० वेग २० सेकंदांत १ नं वाढला, म्हणून +०.०५. त्वरणाच्या आलेखात या सगळ्या आडव्या रेघा.

दोन जणांनी २२० व्या सेकंदाला त्वरण शून्य दाखवलं. "बोट त्या क्षणी थांबली ना मॅडम?" थांबली, पण आपण वेगाची उंची वाचत नाही आहोत, रेघेचा चढ वाचतो आहोत. रेघ आस ओलांडताना जराही वाकत नाही, मग चढ बदलेल कसा? त्या मुलानं पट्टी रेघेवर ठेवून १६० पासून २४० पर्यंत सरकवली आणि आपली खूण स्वतःच खोडली.

वक्र भागाला स्पर्शिका लागते. ती नजरेनं काढायला गेलं की पट्टी हमखास तिरपी पडते, म्हणून लहान सपाट आरसा आणला. आरसा कागदावर उभा धरून वक्रावर आडवा ठेवायचा आणि फिरवत जायचं. वक्र आणि त्याचं प्रतिबिंब न मोडता एकसंध दिसायला लागलं, की आरसा वक्राला बरोबर लंब असतो. त्याच्या कडेनं रेघ ओढायची आणि तिला काटकोनात दुसरी रेघ काढायची. ती स्पर्शिका.

विसाव्या सेकंदाची स्पर्शिका एका मुलानं छान काढली, कोनमापकानं कोन मोजला, ५६ अंशांच्या थोडा वर आला. टॅन घेतला १.५ आणि त्वरण लिहिलं १.५. एवढं त्वरण असतं, तर बोट दोन सेकंदांत पूर्ण वेगाला पोचली असती आणि डेकवरच्या मोटारसायकली आडव्या झाल्या असत्या. चूक हिशोबात नाही, कागदात आहे. कागदावरचा १.५ म्हणजे एका सेंटिमीटरला दीड सेंटिमीटर. आडवा सेंटिमीटर २० सेकंदांचा आणि उभा १ मीटर प्रति सेकंदाचा, म्हणून खरा चढ १.५ भागिले २०, म्हणजे ०.०७५. कोन प्रमाणावर अवलंबून असतो. प्रमाण बदललं की तेच त्वरण वेगळ्या कोनात दिसतं. त्यामुळं कोनमापक बाजूला ठेवायला सांगितलं. स्पर्शिकेवर दूरदूरचे दोन बिंदू घ्यायचे आणि आसांवरचे आकडे वाचून भागाकार करायचा.

चार ठिकाणचे चढ मिळाले ते ०.१५, ०.११, ०.०७५ आणि ०.०४ च्या आसपास. चाळिसाव्याला शून्य. म्हणजे त्वरण ०.१५ वरून सरळ उतरत शून्यावर येतं. वेग वर जातोय आणि त्वरण खाली येतंय, हे एकाच उभ्या पट्टीत एकाखाली एक बघून दोघी जणी थबकल्या. मग एकीला बोटीवरची पहिली पाच सेकंदं आठवली.

त्वरणाचा आलेख चाळिसाव्या सेकंदाला शून्याला येऊन नीट जुळतो, कारण वेगाचा वक्र तिथं सपाट होऊनच स्थिर रेघेला मिळतो. १६० आणि २४० ला मात्र वेगाच्या रेघेला कोपरा आहे, म्हणून तिथं त्वरण तुटतं. रेघा आडव्या संपवून टोकांना पोकळ वर्तुळं काढली. उभी रेघ जोडायची नाही. त्या एका क्षणी त्वरणाला किंमतच सांगता येत नाही.

१० डिसेंबर

हा दिवस मला अपेक्षित होता. सहांपैकी चौघांनी पहिल्या चाळीस सेकंदांचा स्थान-काल आलेख उपड्या वाटीसारखा काढला, सुरुवातीला चढा आणि पुढं मंदावणारा. विचारलं तर एकजण म्हणाला, "वेगाचा आलेख मंदावतोय, मग अंतराचाही मंदावणार."

ही चूक पुन्हा पुन्हा होते आणि तिचं मूळ समजण्यासारखं आहे. वेगाचा वक्र डोळ्यासमोर असतो, तो उपड्या वाटीचाच असतो आणि हात तोच आकार खाली उतरवतो. पण मंदावतेय ती वेगाची वाढ, वेग नव्हे.

मी उत्तर सांगितलं नाही, चौकटी मोजायला लावल्या. वक्राखालची जागा दहा-दहा सेकंदांच्या चार उभ्या पट्ट्यांत विभागली. पूर्ण चौकटी मोजायच्या, वक्रानं कापलेल्यांपैकी अर्ध्याहून मोठ्या धरायच्या, बाकीच्या सोडायच्या. चार पट्ट्यांत मिळालेल्या चौकटींना ०.२ मीटरनं गुणून अंतरं आली साधारण ७, १८, २५.५ आणि २९.५ मीटर. (हिशोबानं ६.९, १८.१, २५.६ आणि २९.४ येतात.) मग फळ्यावर फक्त एवढंच लिहिलं:

पहिल्या दहा सेकंदांत ७, मग १८, मग २५.५, मग २९.५, आणि त्यानंतर प्रत्येक दहा सेकंदांत ३०.

आता बिंदू मांडा म्हटलं. १० ला ७, २० ला २५, ३० ला साधारण ५०.५, ४० ला ८०. प्रत्येक पुढचा टप्पा आधीच्यापेक्षा मोठा, तर रेघ वरच वळणार. आकार उताण्या वाटीचा आला. चौघांनी आपापला जुना वक्र खोडला.

इथं मी थांबणार होते, पण धोपाव्याच्या मुलीनं चांगला प्रश्न काढला. वेग सरळ रेघेनं शून्यावरून ३ वर गेला असता तरी वाटी उताणीच आली असती, मग हा वक्र आणि तो सरळ भाग यांच्यात स्थानाच्या आलेखात फरक कुठं दिसणार? तो सरळ भागही काढला. त्रिकोणाचं क्षेत्रफळ ६० मीटर. आमच्या बोटीचं ८०, कारण तिनं वेग लवकर गाठला. आणि वाटीचा बाक वेगळा. सरळ चढाच्या बाबतीत बाक चाळीस सेकंद सारखा राहतो. आमच्या बोटीचा बाक सुरुवातीला सगळ्यात जास्त आणि चाळिसाव्याच्या आधीच रेघ जवळजवळ सरळ झालेली. त्वरणाची किंमत स्थानाच्या आलेखात बाकाच्या रूपानं दिसते. त्वरण धन तर वाटी उताणी, ऋण तर उपडी, शून्य तर रेघ सरळ. वेगाचा वक्र स्वतः कुठल्या बाजूनं वळतो याचा या निवाड्याशी संबंध नाही. त्याचा चढ धन आहे की ऋण, एवढंच विचारायचं.

चाळिसाव्याला एकानं वाटी आणि सरळ रेघ यांच्या सांध्यात कोपरा ठेवला होता. स्थानाच्या आलेखात कोपरा म्हणजे वेगाची उडी. वरच्या आलेखात ४० ला उडी आहे का? नाही. मग सांधा गुळगुळीत हवा. वाटी संपताना तिचा चढ ३ आणि पुढच्या रेघेचाही ३.

११ डिसेंबर

उरलेला भाग. ४० ते १६० मध्ये ३६० मीटर, म्हणजे १६० ला बोट ४४० वर. मग उपडी वाटी: १८० ला ४९०, २०० ला ५२०, २२० ला ५३०. तिथून वेग ऋण होतो, क्षेत्रफळ आसाखाली जातं आणि वजा होतं, म्हणून २४० ला ५२०. पुढं २६० ला ५१०.

स्थानाचं प्रमाण १ सेंटिमीटरला ५० मीटर घेतलं होतं. त्यात ५३० वरून ५१० ला येणं म्हणजे केवळ चार मिलिमीटर. तिघांनी २२० नंतर आडवी रेघ ओढून विषय संपवला होता. त्यांचा दोष नाही, आकारच तिथं दडून बसतो. म्हणून २०० ते २६० एवढाच तुकडा बाजूला दहापट मोठा काढला, १ सेंटिमीटरला ५ मीटर. आता शिखर नीट दिसलं.

त्या शिखरावरही काहींनी टोक काढलं, घराच्या छपरासारखं. १६० ते २४० त्वरण बदललेलंच नाही, म्हणजे तो सगळा एकच अन्वस्त आहे आणि २२० हा त्याचा माथा. पडताळा सोपा आहे. माथ्यापासून वीस सेकंद अलीकडे ५२० आणि वीस सेकंद पलीकडेही ५२०. माथ्यावर स्पर्शिका आडवी, कारण वेग शून्य. पण बाक तिथंही तेवढाच, कारण त्वरण −०.०५.

२४० ला वाटी पालटते. २४० ते २६० बोट मागेच जातेय, तरी त्वरण धन आहे. उतरत जाणारी रेघ उताण्या वाटीनं हळूहळू आडवी होते. "त्वरण धन आणि बोट मंदावते" हे वाक्य तीन जणांना पटत नव्हतं. आकडे वाचायला लावले: −१, −०.५, ०. वेग वाढतोय, चाल घटतेय. दोन शब्द वेगळे का ठेवलेत, ते चार तारखेच्या नोंदीशी इथं येऊन जुळलं.

फोनची चाल तशीच घेतली असती तर शेवटचं क्षेत्रफळ अधिक झालं असतं आणि बोट ५५० वर पोचली असती. आमच्या गोल केलेल्या मापात बोट दाभोळच्या धक्क्याला टेकते तेव्हा फोन ५४० वर असतो. आलेखानं बोट धक्क्यात दहा मीटर घुसवली असती. चिन्हाची चूक कागदावर कळते ती अशी.

१५ डिसेंबर

उलटी परीक्षा घेतली. वेगाचा आलेख झाकून ठेवला, एकाचा स्थानाचा आलेख दुसऱ्याला दिला आणि त्यावर स्पर्शिका काढून वेग परत मिळवायला सांगितला. तिघांचे वेग मूळ आलेखाशी नीट जुळले. एकाला ४० ला २.४ मिळाला. त्याच्या जोडीदारानं सांध्यापाशी वक्र किंचित आडवा केला होता, तो सापडला.

आरंभीच्या स्थानावरून थोडा वाद झाला. अंतर धोपाव्याच्या धक्क्यापासून मोजायचं, पण फोन बोटीच्या मध्यावर होता आणि तो आरंभी धक्क्यापासून पंधरा मीटर पुढं होता. मग शून्यापासून सुरुवात का? क्षेत्रफळ फक्त विस्थापन सांगतं, सुरुवात कुठून झाली ते वेगाच्या आलेखात कुठंच नसतं. ते वेगळं द्यावं लागतं. आम्ही फोनची आरंभीची जागाच शून्य मानली होती, म्हणून चाललं. धक्का शून्य धरला तर आख्खा आलेख, न वाकता, पंधरा मीटर वर सरकतो.

१८ डिसेंबर

आज धोपाव्याच्या मुलीनं १६० व्या सेकंदाच्या कोपऱ्याचा मुद्दा काढला. इंजिन एका क्षणात उलटं होत नाही, मग त्वरण उडी कशी मारेल? खरंच आहे. आपण कोपरा सोयीसाठी ठेवला. तिला म्हटलं, कोपरा १५८ ते १६२ असा चार सेकंदांत गोल कर आणि तिन्ही आलेखांवर काय होतं ते बघ.

त्वरणाच्या आलेखात तुटलेली पायरी गेली आणि तिथं दोन मिलिमीटर रुंदीची तिरपी रेघ आली, लगेच दिसणारी. वेगाच्या आलेखात टोक जरा बोथट झालं, तेही नीट पाहिलं तरच कळेल एवढं. स्थानासाठी तिनं आधीचं आणि नवीन क्षेत्रफळ वजा केलं. फरक आला जेमतेम तीन सेंटिमीटर, म्हणजे आमच्या प्रमाणात एका मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. तिनं स्थानाचा आलेख पुन्हा काढला नाही, त्याच्या खाली तो आकडा लिहून कागद माझ्याकडे दिला.